फोटोतला प्रश्न आडवा असेल, तर आधी शिरोरेखा बघा

आकृतीचा प्रश्न आडव्या फोटोत आला की मान वाकडी करून सोडवू नका. आधी फोटो फिरवा. कुठे फिरवायचा, हे शिरोरेखा सांगते. ती अक्षरांच्या उजवीकडे उभी दिसत असेल, तर फोटो डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, 90 अंश फिरवा. अक्षरांच्या खाली दिसली, तर 180 अंश.

न फिरवता काय होतं बघा. मूळ पानावर वर 1, 2 आणि खाली 3, 4 असे पर्याय आहेत. फोटो घड्याळाच्या दिशेने वळला, तर वर 3, 1 आणि खाली 4, 2 दिसतात. डावीकडचा वरचा म्हणून ‘1’ लिहिलंत, तर उत्तर प्रत्यक्षात 3 चं. शिवाय वर जाणारा बाण उजवीकडे वळलेला दिसतो. म्हणून जागेवरून नव्हे, छापलेल्या क्रमांकावरून पर्याय ओळखा.

अक्षरंच उलटी, आरशातल्यासारखी दिसत असतील, तर कितीही फिरवून उपयोग नाही; फोटो आडवा पलटावा लागतो. आणि तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत चौरसही समलंबासारखा दिसतो. तिथे कोन डोळ्यांनी मोजू नका, लिहिलेली मापं धरा.