स्क्रीनशॉटवरून प्रवासाचा हिशेब: वेळ, मधला थांबा आणि माणशी खर्च

समजा, नागपूरचे तिघे रेल्वेने मुंबईला येणार आहेत. तिथे आजी त्यांना भेटेल आणि चौघे विमानाने दुबईमार्गे लंडनला जातील. स्क्रीनशॉट तीन आहेत आणि त्यांवर घड्याळं तीन देशांची.

आधी प्रत्येक स्क्रीनशॉटवरून निघण्याची आणि पोहोचण्याची तारीख-वेळ कागदावर उतरवा. रेल्वेच्या तिकिटावर बुकिंगची तारीखही असते, ती प्रवासाची समजू नका. विमानाच्या वेळेशेजारचं बारीक `+1` म्हणजे दुसऱ्या दिवशी पोहोचणार. स्क्रीनशॉट कापताना नेमकं तेच निसटतं.

नागपूर १० जून २०:४०, मुंबई ११ जून ०८:०५.
मुंबई ११ जून १६:३०, दुबई १८:१५.
दुबई १२ जून ०२:३०, लंडन ०७:००.

विमानाच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, म्हणून सगळ्या भारतीय वेळेत आणा. दुबई आपल्या दीड तास मागे. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच. म्हणजे दुबईला आपण १९:४५ ला उतरतो, तिथून ०४:०० ला निघतो आणि लंडनला ११:३० ला पोहोचतो.

आता वजाबाकी. रेल्वे ११ तास २५ मिनिटं, मुंबईत ८:२५, पहिलं विमान ३:१५, दुबईत ८:१५, दुसरं विमान ७:३०. बेरीज ३८ तास ५० मिनिटं. पडताळा म्हणून पहिल्या निघण्यापासून शेवटच्या पोहोचण्यापर्यंत थेट मोजा: १० जून २०:४० ते १२ जून ११:३०, तेही ३८:५०. फरक बरोबर २४ तासांचा आला तर तारीख चुकली आहे; दीड किंवा साडेचार तासांचा आला तर एखादी वेळ स्थानिकच राहिली आहे.

मुंबईतले जवळपास साडेआठ तास मोकळे नाहीत. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं आणि सीएसएमटीहून विमानतळाला दोन तास धरायचे. उरतात सुमारे साडेतीन. गाडी त्याहून जास्त उशिरा आली, तर विमान धोक्यात. तिकिटं वेगवेगळी असल्यामुळे विमान कंपनी थांबत नाही.

खर्च काढताना सगळी बेरीज करून चारने भागू नका, आजी रेल्वेत आणि टॅक्सीत नव्हतीच. प्रत्येक तिकीट त्यावरच्या माणसांत वाटा. समजा रेल्वे ₹६,१५०, टॅक्सी ₹९०० आणि विमान ₹२,०८,०००. रेल्वेचे माणशी २,०५०, टॅक्सीचे ३००, विमानाचे ५२,०००. नागपूरकरांना प्रत्येकी ₹५४,३५०, आजीला ₹५२,०००. सरसकट चारने भागलं असतं तर आजीच्या माथी ₹१,७६२.५० उगाच बसले असते.

रक्कम घेताना 'एकूण भरले' हाच आकडा घ्या. शोधयादीतलं भाडं बहुधा एका माणसाचं असतं. रेल्वेचं ऑनलाइन सुविधा शुल्क मात्र माणशी नव्हे, तिकिटामागे लागतं, त्याला तीनने गुणू नका. आणि पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला, तर रेल्वेचं भाडं पूर्ण लागतं.