लहान मूल रोज घोरते तेव्हा पालकांकडून होणाऱ्या या चुका टाळा

दोन वर्षे दहा महिन्यांच्या एका मुलाला त्याची आई आणि आजी सर्दीसाठी माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. माझ्यासमोर खुर्चीवर तो तोंड उघडे ठेवूनच बसला होता, खालचा ओठ भेगाळलेला होता आणि हनुवटीखालचे लाळेरे ओले झाले होते. झोपेविषयी विचारल्यावर आजी समाधानाने म्हणाल्या, "झोप एकदम गाढ आहे हो त्याची, अगदी आजोबांसारखा घोरतो." वजनाच्या नोंदी पाहिल्या, तर गेले सहा महिने काटा 11.4 किलोवरच अडकलेला होता. पुढच्या तीन महिन्यांत या घरात ज्या चुका झाल्या, किंवा थोडक्यात टळल्या, त्या अनेक घरांत होतात, म्हणून त्याच क्रमाने त्या येथे लिहीत आहे.

या मुलाच्या घोरण्यामागे वाढलेले अ‍ॅडिनॉइड होते, म्हणून आधी अ‍ॅडिनॉइड म्हणजे काय, ते पाहू. नाकाच्या मागच्या टोकाला, टाळूच्या वरच्या बाजूला, टॉन्सिलसारख्याच ऊतीची एक गादी असते. ती पडजिभेच्या मागे वर दडलेली असल्यामुळे मुलाने कितीही मोठा "आ" केला तरी दिसत नाही, आणि म्हणूनच "घशात बॅटरी मारून पाहिले, टॉन्सिल ठीक आहेत" एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. साधारण दोन ते सहा या वयात ही गादी वाढते, पण तिच्या पुढचा नाकाचा मार्ग त्या मानाने अरुंदच असतो. वारंवार सर्दी झाली की ती सुजते, नाकाचा मागचा दरवाजा अर्धाअधिक बंद होतो आणि मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. पुढे शाळेच्या वयात ती हळूहळू आक्रसते, पण मधली वर्षे वाढीची आणि बोलायला शिकण्याची असतात.

घोरण्याला गाढ झोप समजणे

सर्दीच्या चार दिवसांत मूल घोरले, तर त्यात काळजीचे फारसे काही नसते. सर्दी नसतानाही आठवड्यातून तीन किंवा त्याहून अधिक रात्री घोरणे ऐकू येत असेल, तर मात्र ते तपासून घ्यावे. असे मूल जागे होऊन रडत नाही, म्हणून त्याची झोप चांगली आहे असे वाटते. प्रत्यक्षात श्वास अडला की मेंदू त्याला क्षणभर झोपेतून वर ओढतो, मूल कूस बदलते, मान मागे टाकते आणि पुन्हा झोपते, आणि हे रात्रभर चालते. सकाळी अंथरुणाच्या दुसऱ्या टोकाला सापडणारे, मान ताणून किंवा गुडघे पोटाशी घेऊन पालथे झोपणारे, थंडीतही उशी घामाने भिजवणारे मूल रात्रभर श्वासासाठी झगडत असण्याची शक्यता असते. मोठ्या माणसाची झोप अशी मोडली तर तो दिवसा पेंगतो. लहान मूल बहुधा पेंगत नाही, उलट चिडचिडे होते, एका जागी बसत नाही, लहानसहान गोष्टींवरून आकांडतांडव करते, आणि "फारच हट्टी झालाय" असा शिक्का त्याच्यावर बसतो.

या मुलाच्या न वाढणाऱ्या वजनामागेही हेच होते. तो दोन घास चावून थांबत असे, कारण नाक बंद असताना चावणे आणि श्वास घेणे ही दोन्ही कामे एकट्या तोंडाला करावी लागतात. घरचे मात्र तो खायला कुरकुर करतो असे समजून भूक वाढवणारे टॉनिक देत होते.

चुकीच्या वेळी व्हिडिओ काढणे

मी आईला रात्रीचा व्हिडिओ काढून आणायला सांगितले. तिने आणलेला व्हिडिओ रात्री साडेनऊचा, मूल नुकतेच झोपल्यानंतरचा होता, त्यात पंख्याचा आवाज होता आणि मूल मानेपर्यंत पांघरुणात होते. त्यातून काहीच कळले नाही, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. मुलांचा श्वास प्रामुख्याने स्वप्नांच्या झोपेत अडतो, कारण तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात, आणि या झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात येतो. म्हणून पहाटे चार ते साडेपाचच्या दरम्यान, शक्य असल्यास पंखा थोडा वेळ बंद करून, छाती आणि पोट उघडे ठेवून, चेहऱ्यापासून पोटापर्यंतचा भाग दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढावा.

त्यात केवळ आवाजाची पट्टी पाहू नये. मोठ्याने घोरणारे एखादे मूल नीट श्वास घेत असते, तर मंद घोरणाऱ्याचा श्वास अडतही असतो. पाहायचे ते असे: गळ्याच्या खालची खाच आणि बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जातो का, पोट वर येताना छाती आत जाते का, आणि आवाज मध्येच थांबून, छाती-पोट हलत राहून, नंतर धाप लागल्यासारखा किंवा घुसमटल्यासारखा मोठा श्वास येतो का. दहा सेकंद श्वास थांबला तरच तो अडला म्हणायचे, हा नियम मोठ्यांचा आहे. मुलांमध्ये दोन श्वास चुकले, म्हणजे अंदाजे पाच-सहा सेकंद हवा आत गेली नाही, तरी ते मोजले जाते.

दुसऱ्या खेपेला आईने पहाटे पावणेपाचचा व्हिडिओ आणला. अडीच मिनिटांत तीनदा आवाज बंद झाला होता आणि तिन्ही वेळा छातीच्या मधोमध वाटीसारखा खळगा पडत होता. आजींनी तो पाहिला आणि त्या काही बोलल्या नाहीत.

ओठ किंवा जीभ निळसर दिसली, किंवा श्वास थांबल्यावर मुलाला हलवून जागे करावे लागले, तर व्हिडिओ काढत बसू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

नाक मोकळे करण्याचे घरचे आणि दुकानातले उपाय

या घरात नाक मोकळे करणारे थेंब पाच आठवडे चालू होते. अशा थेंबांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो, पण पाच-सात दिवसांपलीकडे ते वापरले की त्यांचा अंमल उतरताच नाक आधीपेक्षा जास्त सुजते आणि थेंबांवाचून उघडेनासे होते. शिवाय मागच्या गादीचा आकार त्यांनी कमी होत नाही. मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब निराळे, ते रोज घातले तरी चालतात. कापराची पुरचुंडी उशाशी ठेवणे किंवा कापूर घातलेले मलम नाकाला लावणे थांबवावे, कारण लहान मुलाच्या पोटात थोडासा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात. तोंड मिटावे म्हणून ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा प्रकार अलीकडे मोबाइलवर पाहून केला जातो. ज्याचे नाक मागून बंद आहे, त्या मुलाचा उरलेला एकमेव मार्ग त्यामुळे बंद होतो, हे कृपया कधीही करू नये.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधी शेंबूड येत असेल, तर अ‍ॅडिनॉइडपेक्षा नाकात अडकलेला मणी, चिंचोका किंवा शेंगदाणा आधी शोधावा.

स्टेरॉइडचा स्प्रे पाच दिवसांत सोडून देणे

मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन फ्युरोएट यांचा नाकात मारायचा स्प्रे डॉक्टरांच्या सल्ल्याने वयाच्या दोन वर्षांनंतर वापरतात आणि मध्यम वाढलेल्या अ‍ॅडिनॉइडवर पुष्कळदा त्याने भागते. "स्टेरॉइड" या शब्दाने आई घाबरली होती, आणि चार दिवसांत फरक दिसेना म्हणून तिने तो बंदही केला होता. या औषधाचा परिणाम हळूहळू होतो आणि तो जोखायला साधारण सहा आठवडे द्यावे लागतात. पोटात घ्यायच्या स्टेरॉइडच्या मानाने त्याची मात्रा फार थोडी असते, तरी दीर्घकाळ चालल्यास डॉक्टर उंचीवर लक्ष ठेवतात.

पद्धतही चुकत होती. मुलाला आडवे झोपवून, मान मागे टाकून स्प्रे मारला जाई, त्यामुळे औषध घशात उतरत असे. मुलाला बसवून मान किंचित पुढे झुकवावी, आधी सलाइन घालून शेंबूड काढावा, नवी बाटली बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबून घ्यावी, आणि टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न वळवता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने धरावे. पडद्यावर रोज फवारा बसला की नाकातून रक्त येते आणि औषध सुटते.

रडत्या मुलाचा एक्स-रे, आणि विसरलेले कान

मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे मूल रडत असताना किंवा तोंड उघडे असताना काढला, तर टाळू वर उचलला जातो आणि मार्ग आहे त्याहून अरुंद दिसतो. भर सर्दीतला एक्स-रेही असाच फसवतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहतात, ती तपासणी अधिक खात्रीची असते. या मुलाचा मार्ग तिच्यात तीन-चतुर्थांश बंद दिसला.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते कानांचे. अ‍ॅडिनॉइडच्या शेजारीच कानाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड असते. ते दबले की कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, कान दुखत नाही, तापही येत नाही, फक्त ऐकू कमी येते. या मुलाच्या दोन्ही कानांत पाणी होते आणि तो अजून दोन शब्दही जोडून बोलत नव्हता. टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या, पाठीमागून हाक मारली की न वळणाऱ्या घोरणाऱ्या मुलाची टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडद्यामागे पाणी आहे का हे पाहणारी तपासणी, करून घ्यावी. तिला काही मिनिटेच लागतात.

शस्त्रक्रियेची घाई आणि शस्त्रक्रियेची भीती

श्वास अडत नसेल, वजन वाढत असेल, ऐकू नीट येत असेल, तर वाट पाहणे योग्य आहे. या मुलाला सहा आठवडे योग्य पद्धतीने स्प्रे दिला, घोरणे थोडे कमी झाले, पण पहाटे श्वासात पडणारे खंड कायम राहिले, वजन हलले नाही आणि कानांतले पाणी तीन महिने उलटूनही तसेच होते. तेव्हा अ‍ॅडिनॉइड काढण्याचा निर्णय झाला. असा निर्णय होतो तेव्हा श्वास अडत असल्याचे भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगावे आणि व्हिडिओ दाखवावा, कारण अशा मुलावर, विशेषतः तीन वर्षांखालील असल्यास, भूल उतरल्यावरही रात्रभर लक्ष ठेवावे लागते. पडजीभ दुभंगलेली आहे का, हेही आधी पाहतात, कारण तशी असल्यास अ‍ॅडिनॉइड पूर्ण काढल्यावर बोलणे गेंगाणे होऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतर पहिला आठवडाभर तो घोरतच होता आणि तोंडाला वास येत होता, म्हणून आईने घाबरून फोन केला. ही सूज आणि खपलीमुळे होणारी नेहमीची गोष्ट असते, ताजे लाल रक्त आले तर मात्र थांबू नये. तीन महिन्यांनी मी पुन्हा पहाटे पावणेपाचचाच व्हिडिओ मागवला, कारण इतक्या लहान वयात ही गादी कधीकधी पुन्हा वाढते. त्यात तोंड मिटलेले होते आणि छाती-पोट एकत्र वरखाली होत होते. वजन 12.6 किलो भरले होते.