‘एक दिवस आधी कळवा’ म्हणजे नक्की कधी? सल्ल्याच्या बुकिंग मेसेजमधल्या या चुका टाळा

समजा, कोथरूडमधली एक करिअर सल्लागार आहे. एकटीच काम करते, पंचेचाळीस मिनिटांच्या ऑनलाइन भेटीचे दोन हजार रुपये घेते. बिबवेवाडीच्या एका गृहस्थांनी बारावी झालेल्या मुलीसाठी मंगळवारी सकाळी ११ ची वेळ घेतली आणि पैसे भरले. लगेच त्यांना मेसेज गेला: ‘आपले बुकिंग निश्चित झाले आहे. रद्द करायचे असल्यास एक दिवस आधी कळवावे. शुल्क परत मिळणार नाही.’ सोमवारी रात्री साडेदहाला त्यांचं उत्तर आलं: ‘मॅडम, उद्या जमत नाहीये. पुढच्या आठवड्यात करू या.’

गृहस्थांच्या हिशेबाने त्यांनी एक दिवस आधी कळवलं. मॅडमच्या हिशेबाने साडेबारा तास आधी. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. शिवाय ‘शुल्क परत मिळणार नाही’ हे वेळेत कळवणाऱ्यालाही लागू आहे का, हे मेसेजवरून कळतच नाही. नसेल, तर तसं लिहिलेलं नाही. असेल, तर मग एक दिवस आधी कळवायचं कशाला? हा वाद माणसांमुळे झालेला नाही, वाक्यांमुळे झाला आहे.

चूक पहिली: घड्याळाऐवजी ‘आधी’

‘एक दिवस आधी’ काढून ‘२४ तास आधी’ लिहिलं की प्रश्न सुटला असं वाटतं. तो अर्धाच सुटतो. हिशेब अजूनही समोरच्यानेच करायचा असतो, आणि तो माणूस हिंजवडीहून परतताना विद्यापीठ चौकात अडकलेला असताना मेसेज वाचत असतो. त्यापेक्षा हिशेब आपणच करून द्यावा: ‘वेळ बदलायची किंवा रद्द करायची असल्यास सोमवार, १३ जुलै, सकाळी ११ वाजेपर्यंत कळवा.’ प्रत्येक मेसेजमध्ये वार, तारीख आणि वेळ हाताने भरायला अर्धं मिनिट लागतं.

कुठे कळवायचं, तेही त्याच वाक्यात हवं. नाहीतर कुणी व्हॉट्सअ‍ॅप करतो, कुणी ईमेल, कुणी ज्या ओळखीच्या माणसाने नंबर दिला त्यालाच सांगून मोकळा होतो. एकच जागा ठरवा, आणि मेसेज तिथे पोहोचल्याची वेळ धरणार, तुम्ही तो वाचल्याची नव्हे, हे लिहा. सोमवारच्या भेटीची मुदत रविवारी संपते आणि रविवारी तुम्ही फोन बघत नसाल, तर त्याचा भुर्दंड ग्राहकाला नको.

परदेशातले मराठी ग्राहक असतील तर ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द पुरत नाहीत, त्यांच्या गावची वेळही शेजारी लिहा. आपल्या संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजतात, आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की नऊ. दर पंधरवड्याला ठरलेली भेट असेल तर याच आठवड्यात माणूस हमखास चुकतो.

चूक दुसरी: पैसे घेतल्यावर अट सांगणं

ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक. क्यूआर कोड पाठवला, पैसे आले, आणि मग कन्फर्मेशनमध्ये पहिल्यांदाच कळलं की पैसे परत नाहीत. ग्राहक म्हणतो, ‘हे आधी सांगितलं असतं तर मी बुकिंगच केलं नसतं.’ त्याचं म्हणणं नुसतं भावनिक नाही. अट मान्य करून पैसे दिले असतील तर ती व्यवहाराचा भाग ठरते. पैसे दिल्यावर एका बाजूने जोडलेल्या अटीचा आधार फार कच्चा असतो.

म्हणून अटीचा मजकूर पेमेंट लिंकच्या आधी जायला हवा, आणि कन्फर्मेशनमध्ये शब्दही न बदलता तोच पुन्हा यायला हवा. एके ठिकाणी ‘२४ तास’ आणि दुसरीकडे ‘आदल्या दिवशी’ असं झालं, तर वाद झाल्यावर ग्राहक त्याच्या सोयीचं धरणार, आणि त्यात त्याची चूक नाही. लिंकबरोबर एवढं पुरतं: ‘खालील नियम वाचून मान्य असल्यास पैसे भरावेत.’

चूक तिसरी: पुणेरी पाटीचा मोह

‘कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही कारणास्तव पैसे परत मिळणार नाहीत. वाद घालू नये.’ असं लिहिताना हात शिवशिवतो, कबूल. दुकानाच्या दारावर ते शोभतंही. पण दोन हजार भरलेल्या माणसाला आलेला तो पहिलाच मेसेज असतो, आणि त्यातला आवाज पुढची पंचेचाळीस मिनिटं त्याच्या कानात राहतो.

सुरापेक्षा महत्त्वाचं म्हणजे असं वाक्य वाटतं तितकं मजबूत नसतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तर ‘अन्याय्य करारा’च्या व्याख्येत नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणारी अटही येते. दोन हजारांसाठी कुणी कोर्टात जात नाही हे खरं, पण आकडा ठरवताना ‘माझं खरंच काय बुडतं?’ हा प्रश्न विचारायला हाच धागा उपयोगी आहे.

आपल्या सल्लागाराचा हिशेब करू. भेटीच्या आदल्या संध्याकाळी ती मुलीच्या मार्कशीट आणि माहितीचा फॉर्म वाचते, त्यात अर्धा तास जातो. भेटीची पंचेचाळीस मिनिटं राखून ठेवलेली असतात. एक दिवस हातात असेल तर ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येते. रात्री साडेदहाला कळलं तर सकाळी ११ साठी माणूस मिळणं कठीण. यातून तीन पायऱ्या आपोआप निघतात. मुदतीत कळवलं तर पूर्ण परतावा किंवा नवीन वेळ. मुदतीनंतर, पण भेटीआधी कळवलं तर निम्मे, म्हणजे एक हजार, ठेवायचे; बाकीचे एक हजार परत किंवा नवीन भेटीत वळते. न कळवता आलंच नाही तर पूर्ण दोन हजार जातात.

मधल्या पायरीला एक वाक्य जोडावं असं माझं ठाम मत आहे: ‘ती वेळ दुसऱ्या कोणी घेतल्यास उरलेले एक हजारही परत केले जातील.’ असं क्वचितच घडतं, त्यामुळे खर्च फारसा नाही. पण एकाच वेळेचे दोघांकडून पैसे घेतल्याचा आरोप मुळातच संपतो.

पूर्ण परतावा म्हणजे पूर्ण. पेमेंट गेटवेने कापलेले साधारण दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी बहुधा तुम्हाला परत मिळत नाही. दोन हजारांवर ते पन्नास रुपयांच्या आत बसतात. ते सोसा. ग्राहकाच्या परताव्यातून कापायचेच असतील तर आधी लिहा. जीएसटी नोंदणी असेल तर ठेवून घेतलेल्या रकमेवर कर कसा दाखवायचा, हे सीएला एकदाच विचारून ठेवा.

चूक चौथी: ‘न आल्यास’ एवढंच लिहिणं

किती मिनिटांनी ‘आला नाही’ धरायचं? अकरा वाजून बारा मिनिटांनी आलेल्याला पूर्ण पंचेचाळीस मिनिटं मिळणार, की ११:४५ ला भेट संपणार? लिहिलेलं नसेल तर दर वेळी नवी घासाघीस होते. पंधरा मिनिटं थांबणं पुरेसं आहे. तेवढा वेळ तुम्ही स्वतः लिंकवर हजर असायला हवं, आणि ११:०५ ला ‘मी लिंकवर आहे, वाट बघतेय’ असा मेसेज टाकायला हवा. त्याने निम्मी माणसं धावत येतात. उरलेल्यांच्या बाबतीत तुम्ही हजर होतात याची नोंद राहते.

आपल्याकडची खास अडचण वेगळीच आहे: पैसे बाबा भरतात, बसायचं असतं मुलीला. कन्फर्मेशन बाबांच्या फोनवर, लिंकही तिथेच, आणि बाबा अकरा वाजता मीटिंगमध्ये. मुलगी घरी तयार होऊन लिंकची वाट बघते. कागदोपत्री हे ‘न येणं’ झालं, पण पैसे कापलेत तर दोघांनाही तो अन्याय वाटेल. बुकिंगच्या वेळीच ‘भेटीला कोण बसणार आणि त्यांचा नंबर काय’ हे विचारा आणि मेसेज दोघांना पाठवा.

प्रत्यक्ष भेटी पेठांमध्ये घेत असाल तर पालखीचे आणि अनंत चतुर्दशीचे दिवस आधीच ऑनलाइन करून टाका. रस्ते बंद असताना न पोहोचलेल्याला नियम दाखवण्यात अर्थ नाही.

चूक पाचवी: स्वतःबद्दल गप्प राहणं

सगळे नियम ग्राहकाला आणि सल्लागार मोकळा, असा मेसेज एकतर्फी दिसतो, आणि असतोही. तुम्ही रद्द केलं किंवा पंधरा मिनिटांत आला नाहीत तर पूर्ण पैसे परत की नवी वेळ, हे निवडण्याचा हक्क ग्राहकाचा. वीज किंवा इंटरनेट तुमच्याकडचं गेलं तरी हेच.

आता हे सगळं एकत्र केलं की मेसेज असा होतो:

‘नमस्कार. आपली भेट मंगळवार, १४ जुलै, सकाळी ११ ते ११:४५ (भारतीय वेळ) अशी ठरली आहे. लिंक खाली आहे. आपले २,००० रुपये मिळाले.

वेळ बदलायची किंवा रद्द करायची असल्यास सोमवार, १३ जुलै, सकाळी ११ पर्यंत याच व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर कळवा. नवीन वेळ किंवा पूर्ण पैसे परत मिळतील. त्यानंतर, पण भेटीआधी कळवल्यास १,००० रुपये परत मिळतील किंवा पुढच्या भेटीत धरले जातील. ती वेळ दुसऱ्या कोणी घेतल्यास उरलेले १,००० रुपयेही परत करेन.

मी ११:१५ पर्यंत लिंकवर थांबेन. उशीर झाला तरी भेट ११:४५ ला संपेल. ११:१५ पर्यंत न आल्यास आणि न कळवल्यास पैसे परत मिळणार नाहीत. अचानक आजारपण किंवा घरात दुःखद घटना असेल तर भेटीच्या दिवशी कधीही कळवा, एकदा वेळ बदलून देईन.

माझ्याकडून भेट रद्द झाली किंवा मी ११:१५ पर्यंत आले नाही, तर नवीन वेळ किंवा पूर्ण पैसे परत, आपण म्हणाल तसं. परतावा सात कामकाजाच्या दिवसांत होईल.’

आजारपणाच्या ओळीत ‘एकदा’ हा शब्द ठेवा आणि पुरावा मागू नका. डॉक्टरचं पत्र मागणारा सल्लागार दोन हजार वाचवतो आणि ग्राहक घालवतो.

मेसेज जमला की नाही, हे ओळखणं सोपं आहे. तो वाचून लोक पुन्हा ‘म्हणजे कधीपर्यंत कळवायचं?’ असं विचारत असतील, तर मुदतीची ओळ तपासा. प्रश्न नेहमी पैशांबद्दलच येत असतील, तर पायऱ्या तपासा. आणि जुन्या मोघम मेसेजवर बुकिंग केलेले बिबवेवाडीचे ते गृहस्थ आत्ता समोर असतील, तर त्यांना नवे नियम लावू नका: ‘माझ्या मेसेजमध्ये वेळ स्पष्ट नव्हती, म्हणून या वेळी पूर्ण पैसे पुढच्या भेटीत धरते. पुढच्या मंगळवारी ११ वाजता चालेल का? या वेळेचे नियम सोबत पाठवते आहे, मान्य असतील तर कळवा.’