एकच नळी, दोन वाद्यं: फ्लूट आणि क्लॅरिनेटमधला फरक कानाने कसा ओळखावा

30 सेंटीमीटर लांबीची, साधारण 2 सेंटीमीटर आतल्या व्यासाची प्लॅस्टिकची सरळ नळी घ्या. दोन्ही टोकं नीट, काटकोनात कापलेली हवीत.

1. नळीच्या एका तोंडावर तळहाताने थाप मारा आणि हात लगेच उचला. छोटासा ‘टुंक’ ऐकू येईल. हा खुल्या नळीचा स्वर.

2. आता थाप मारून हात तिथेच दाबून ठेवा. स्वर जवळजवळ एक सप्तक खाली येतो. तळहात आणि कडा यांत फट राहिली तर स्वर फुसका येतो, त्यावरून चूक लगेच कळते.

असं का होतं? उघड्या टोकाशी हवा मोकळेपणी हलते, पण दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो. बंद टोकाशी उलट: हवा हलू शकत नाही आणि दाबाचा चढउतार सर्वांत जास्त असतो. म्हणून नळीत जो स्थिर तरंग उभा राहतो, त्याची खुल्या नळीत अर्धी तरंगलांबी मावते आणि एक टोक बंद असेल तर फक्त पाव. आपल्या नळीसाठी हिशेब सुमारे 550 आणि 280 हर्ट्झ येतो. बरोबर दुप्पट नाही, कारण उघड्या टोकाबाहेरची थोडी हवाही सोबत हलते. त्या टोकाशी नळी त्रिज्येच्या सुमारे 0.6 पट जास्त लांब धरावी लागते.

3. खालचं तोंड बंद ठेवून वरच्या कडेवरून फुंका, मग फुंक अरुंद आणि जोरदार करा. स्वर वरच्या ‘सा’वर जात नाही, थेट तार सप्तकातल्या पंचमावर उडी मारतो. (ओठ तोंडाचा काही भाग झाकतात, त्यामुळे सगळेच स्वर हिशेबापेक्षा जरा उतरलेले लागतील.) बंद नळीत पायाभूत वारंवारितेच्या 1, 3, 5 अशा विषम पटीच बसतात, खुल्या नळीत 1, 2, 3 सगळ्या.

हीच गोष्ट वाद्यांत दिसते. फ्लूटमध्ये फुंकायचं छिद्र उघडं असतं, म्हणून ती खुली नळी. क्लॅरिनेटची रीड तोंडाकडची फट जवळजवळ मिटवते, त्यामुळे ते टोक बंद धरलं जातं. दोन्ही वाद्यं साधारण 60 ते 70 सेंटीमीटरची, तरी फ्लूटचा सर्वांत खालचा स्वर सहसा 262 हर्ट्झचा, तर नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा 147.

या उडीची किंमत बोटांना मोजावी लागते. फ्लूटमध्ये 12 अर्धस्वरांनंतर तीच बोटं जवळपास पुन्हा वापरता येतात. क्लॅरिनेटमध्ये 19 अर्धस्वरांनंतर. मधली जागा भरायला जास्तीच्या चाव्या लागतात.

पण रीड म्हणजे पंचमावर उडी, असं समजू नका. सॅक्सोफोनलाही रीड असते, तरी त्याची नळी शंकूच्या आकाराची असल्यामुळे तो फ्लूटसारखा सप्तकावरच उडी मारतो.