३/६ म्हणजे अर्धा, हे मुलांना कसं पटलं?

चौथीच्या वर्गाला सममूल्य अपूर्णांक पहिल्यांदा शिकवले, तेव्हा तास छान झाला असं मला वाटलं होतं. मुलांनी कागद मधोमध दुमडला, एक भाग रंगवला, पुन्हा दुमडला, आणि १/२ = २/४ = ४/८ फळ्यावर आलं. नाशिकच्या मुलांना पाव, अर्धा, पाऊण घरूनच माहीत असतात. आईबरोबर गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात गेलेलं मूल "दोन पाव म्हणजे अर्धा किलो" हे न शिकवता सांगतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, ३/६ म्हणजे अर्धा का? बहुतेकांनी "नाही" म्हटलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, अर्ध्याचे दोन, चार, आठच होतात. सहा कुठून येणार?"

चूक माझी होती. घडीवर घडी मधोमधच घातली की भाग २, ४, ८, १६ असेच वाढतात. सममूल्य म्हणजे दुप्पट, असा नियम मुलांनी माझ्याच घड्यांवरून काढला होता. म्हणून नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना माझं पहिलं सांगणं असतं की तीन भागांची घडी टाळू नका. ती अवघड जाते म्हणून आपण टाळतो, आणि नेमकी तीच लागते.

मी ती अशी करून घेते. कागद उभा मधोमध दुमडून एक अर्धा भाग रंगवायचा आणि कागद पूर्ण उघडायचा. आता आडव्या बाजूने तीन भागांची घडी. एक कड आत, दुसरी तिच्यावर. तिन्ही पट्टे सारखे दिसेपर्यंत कागद सरकवत राहायचं आणि मगच नखाने दाबायचं. आधी दाबलं की मधला पट्टा हमखास लहान-मोठा होतो. ज्यांना जमत नाही त्यांना कडेवर पट्टीने खुणा करून द्याव्यात. उघडल्यावर सहा भाग दिसतात, त्यांतले तीन रंगीत.

इथे घाई करू नका. मी आधी विचारते, "रंग वाढला का?" नाही. "मग काय वाढलं?" तुकडे. रंगीत एका तुकड्याचे तीन झाले आणि सगळ्या दोन तुकड्यांचे सहा झाले. हे मुलांच्या तोंडून आल्यावरच अंश आणि छेद दोघांनाही ३ ने गुणल्याचं फळ्यावर लिहिते. आधी लिहिलं तर मुलं गुणाकार पाठ करतात आणि कागद विसरतात.

यानंतर पट्ट्या. एफोर आकाराच्या कार्डशीटमधून २४ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद अशा बरोबर सात पट्ट्या निघतात, कारण कागदाची रुंदी २१ सेंमी असते. २४ हा आकडा मुद्दाम घेतलेला आहे. एक पट्टी अखंड ठेवायची. बाकीच्यांचे २, ३, ४, ६, ८ आणि १२ भाग केले की तुकडे १२, ८, ६, ४, ३ आणि २ सेंमीचे येतात, कुठेही अपुरा मिलिमीटर उरत नाही. प्रत्येक मुलाचा संच याच मापाचा हवा. पट्ट्या लहान-मोठ्या झाल्या तर एकाचा अर्धा दुसऱ्याच्या अर्ध्याशी जुळत नाही आणि सगळी तुलनाच खोटी पडते.

तिसऱ्या दिवशी तपासणीची चिठ्ठी देते. प्रश्न तीनच. चार भागांत घडी घातलेली पट्टी दाखवून "भाग किती?" असं विचारते. तीन असं उत्तर आलं तर मूल भागांऐवजी घड्यांच्या रेषा मोजतंय. दुसरा, १/२ = □/६. इथे ५ लिहिणाऱ्याने छेदात ४ मिळवलेले पाहून अंशातही ४ मिळवलेले असतात. ही बेरजेची सवय फार चिवट आहे. १/२ मध्ये वर-खाली एक मिळवून २/३ केलं की काय होतं, ते पट्टीवर ठेवायला लावायचं: १२ सेंमीचे १६ सेंमी झालेले दिसतात.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत उपयोगी वाटतो: २/३ आणि ३/४ सारखे आहेत का, आणि का? गेल्या वर्षी एका मुलाने "हो" लिहिलं. कारण विचारलं, तर म्हणाला, "दोन्हीत एकच तुकडा राहिलाय." तुकडा मोजला, त्याचा आकार नाही. मी काही न बोलता त्याला पट्ट्या दिल्या. त्याने ८ सेंमीचे दोन तुकडे मांडले, खाली ६ सेंमीचे तीन. खालची ओळ पुढे गेली. "ही फट कोणत्या तुकड्याने भरेल?" त्याने ३ सेंमीचा तुकडा ठेवून पाहिला, तो बाहेर आला. मग २ सेंमीचा ठेवला, तो चपखल बसला. तो बराच वेळ पाहत राहिला, आणि मग वरची ओळ काढून तिथे बाराव्या भागाचे तुकडे एकेक मांडू लागला: आठ. खालच्या ओळीला नऊ लागले.