वसुलीच्या दाव्यात या चुका टाळा: दाव्यास कारण नोटिशीने घडत नाही

सेलूतल्या कृषी सेवा केंद्राचं उदाहरण घेऊ. परतूर तालुक्यातल्या शेतकऱ्याने १८ जून २०२२ रोजी दुकानातून १,४०,००० रुपयांचं बियाणं आणि खत उधारीवर नेलं. पैसे कधी द्यायचे ते ठरलं नव्हतं. १० जानेवारी २०२४ रोजी त्याने सहीच्या चेकने ४०,००० दिले आणि चेक वटला. जून २०२५ मध्ये नोटीस गेली, ऑगस्टमध्ये दावा.

वादपत्रात हमखास येणारं वाक्य असं: 'प्रतिवादीने नोटीस मिळूनही रक्कम न दिल्याने दाव्यास कारण घडले.' इथेच घात होतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर दावा करायची तीन वर्षांची मुदत माल दिल्या तारखेपासून मोजतात, म्हणजे १८ जून २०२५ पर्यंत. नोटिशीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. वादपत्र वाचूनच दावा मुदतबाह्य दिसला, तर प्रतिवादीचे वकील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र फेटाळण्याचा अर्ज टाकणारच.

खरं तर हा दावा मुदतीत आहे. मुदत संपण्याआधी सहीच्या चेकने काही रक्कम आली, म्हणून मुदत कायद्याच्या कलम १९ प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. पण हे वादपत्रातच लिहावं लागतं; चेकची झेरॉक्स यादीसोबत जोडून भागत नाही. असं लिहा: 'दाव्यास कारण प्रथम दि. १८/०६/२०२२ रोजी सेलू येथे माल दिला तेव्हा घडले. प्रतिवादीने दि. १०/०१/२०२४ रोजी चेकने रु. ४०,००० दिल्याने त्या तारखेपासून नवीन मुदत सुरू झाली.' चेक नंबर आणि बँकही टाका. 'दिवाळीला देतो' असं ठरलं असतं, तर मुदत दिवाळीपासून मोजली असती. म्हणून पैसे कधी द्यायचे याबाबत काय ठरलं होतं, ते हकिकतीत आधी यायला हवं.

हकिकतीत 'सेलू येथे' हे शब्द आले की अधिकारक्षेत्राचा परिच्छेद सोपा होतो. प्रतिवादी जालना जिल्ह्यात राहतो, तरी माल सेलूत दिला म्हणून कारणाचा भाग तिथे घडला; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० ला तेवढं पुरतं. नुसतं 'या न्यायालयास अधिकार आहे' हा निष्कर्ष झाला, त्यामागची घटना लिहा.

वादपत्राच्या शेवटी न्यायालयाकडे जे मागतो, त्या विनंतीत घोळ होतो तो व्याजाचा. बिलावर खाली छापलेल्या २४ टक्क्यांवर ग्राहकाची सही नसेल, तर तो दर मान्य होता हे सिद्ध करणं जड जातं. अशा वेळी व्याज कायदा, १९७८ खाली नोटिशीपासूनचं व्याज मागता येतं, मात्र नोटिशीत व्याजाची मागणी स्पष्ट हवी. मुद्दल १,००,०००, दाव्यापूर्वीचं व्याज, दावा दाखल झाल्यापासून वसुलीपर्यंतचं व्याज आणि खर्च या मागण्या वेगवेगळ्या लिहा. हुकूमनाम्यानंतरच्या व्याजाबाबत हुकूमनामा गप्प राहिला, तर ते नाकारलं असंच कायदा धरतो, आणि त्यासाठी पुन्हा वेगळा दावाही करता येत नाही.