भाड्याच्या फ्लॅटचे फोटो निवडताना या चुका टाळा

फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हटलं की वीस-पंचवीस फोटो काढले जातात आणि मग जो सगळ्यात भारी दिसतो तो पहिला, त्याच्यापेक्षा जरा कमी तो दुसरा, असे धडाधड लावले जातात. घोळ इथेच होतो. भारी दिसणं आणि खरं दिसणं यांना एकाच वेळी मार्क द्यायला गेलं की नेहमी भारी दिसणंच जिंकतं. म्हणून आधी फसवे फोटो बाजूला काढा आणि मग उरलेल्यांतच छान कोणता ते ठरवा, हा क्रम उलटा करू नका.

समजा कोथरूडमधला वन बीएचके आहे, हॉल 10 बाय 14, खाली 2 बाय 2 च्या टाइल्स, आणि हॉलचे चार फोटो हातात आहेत.

पहिला मेन दारातून 0.5x वर काढलेला. हॉल एकदम लांबलचक, बघताक्षणी आवडतो. पण कडेला नीट बघा, भिंतीवरचं गोल घड्याळ अंड्यासारखं झालंय, पायाजवळच्या टाइल्स तिरक्या ताणल्यात आणि तीन सीटर सोफा चार सीटर वाटतोय. इतकी वाइड लेन्स कडेच्या वस्तू ताणते आणि समोरची भिंत लांब ढकलते, त्यामुळे माणूस व्हिजिटला आला की दारातच त्याचा चेहरा पडतो. हा फोटो कितीही आवडला तरी बाद. (बाथरूम 4 बाय 7 चं असेल तर 1x मध्ये काहीच मावत नाही, तिथे 0.5x चालेल, पण कमोड आणि बेसिन कडेला येऊ देऊ नका आणि खाली साइज लिहा.)

दुसरा बाल्कनीच्या कोपऱ्यातून, 1x वर, फोन छातीच्या उंचीला आणि सरळ धरून. दोन भिंती दिसतात, जमीन दिसते, रुंदीत पाच टाइल्स मोजता येतात म्हणजे दहा फूट, आणि दाराची चौकट सरळ उभी आहे. जरा साधा वाटतो पण खोली समजते.

तिसरा उभा फोटो, नुसता सोफा आणि टीव्ही युनिट. खोटं काही नाही, पण खोली किती मोठी ते कळत नाही आणि लिस्टिंगच्या आडव्या चौकटीत तो वरून-खालून कापला जातो. चौथा रात्रीचा, सगळे लाइट लावून. दिसतो गोड, पण दिवसा उजेड किती येतो आणि खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत आहे का, हे दोन्ही त्यात लपतं. मग रँकिंग काय? दुसरा वर, चौथा त्याच्या खाली, तिसरा नाही लावला तरी चालेल. दुसऱ्यात खिडकी पांढरीफटक आली असेल तर एडिटिंगमध्ये डोकं घालू नका, ऊन त्या बाजूला नसताना परत काढा, खिडकीवर टॅप करून ब्राइटनेस थोडा खाली ओढा, बास.

तुलना करताना सगळे फोटो एकदम पसरून बसू नका, एकाच खोलीचे दोन-दोन शेजारी ठेवा, आणि फोनवर छोटे करूनही बघा कारण लोक आधी तेवढ्याच आकारात बघतात. आणखी एक, "कुठला छान आहे?" असं घरच्यांना विचारू नका, ज्याने फ्लॅट बघितला नाही अशा माणसाला विचारा की या हॉलची रुंदी किती असेल. दहा-अकरा म्हणाला तर फोटो खरा. चौदा म्हणाला तर बाजूला काढा, कितीही देखणा असला तरी.

बाल्कनीतून दिसणारी टेकडी कव्हरला लावायचा मोह भयंकर असतो, पण भाडेकरू टेकडी भाड्याने घेत नाही! कव्हरला हॉल, मग बेडरूम, किचन, बाथरूम, बाल्कनी त्यानंतर. हॉलचे सहा फोटो आणि ओट्याचा एकही नाही असं झालं की लोकांना वाटतं किचनमध्ये नक्की काहीतरी गडबड आहे. आणि आधीच्या भाडेकरूचं फर्निचर असलेले जुने फोटो तर लावूच नका, बेड आणि कपाट गेलेलं असतं, भिंतीला ओल आलेली असते, आणि पहिला प्रश्न त्याचाच येतो.

लिस्टिंग टाकल्यावर काय होतंय त्यावरूनही चूक पकडता येते. फोन भरपूर येतायत, लोक येऊन बघतायत आणि "कळवतो" म्हणून गायब होतायत, तर भाडं एरियाच्या रेटला आहे ना ते बघा, आणि ते बरोबर असेल तर वरच्या दोन-तीन फोटोंपैकी एखादा खोली फुगवून दाखवतोय. फोनच येत नसतील तर बहुतेक कव्हर अंधारं किंवा उभं आहे. अशा वेळी सगळे फोटो एकदम बदलू नका, फक्त कव्हर बदला आणि आठवडाभर थांबा, नाहीतर नक्की कशाने फरक पडला ते कळणारच नाही.